गोल शिक्क्याचा दाखला

शुक्रवार, १० जून २०१६. ऊन कालच्यासारखंच. टँकर उशिरा आला. बिंदुसरेच्या धरणात आता गुरं चरतात. शाळेचे निकालपत्रक लिहून झाले. ऑफिसातून फॉर्म सोळा मिळाला, म्हणजे मागून घेतला. दुपारी बीडला अर्जुनरावांकडे. शेवटच्या दोन तिमाह्यांचा कर माझ्या नावावर जमाच नाही. येताना जीपमध्ये पायाशी शेळी होती.

शिवकन्याबाई थिगळ्यांच्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे. कराचं वाक्य आणि शेळीचं वाक्य एकाच शाईत, एकाच उंचीच्या अक्षरात. बाईंना राग उशिरा येत असे. पण एकदा आला की पाहुण्यासारखा येत नसे, मुक्कामालाच येत असे.

पालीच्या पुढे डोंगराच्या अंगाला हरिहर सहकारी सूतगिरणी होती. गिरणीची म्हणून एक शाळा होती आणि त्या शाळेच्या शिवकन्याबाई मुख्याध्यापिका. औरंगाबादला नन्सच्या शाळेत शिकलेली, लग्न होऊन पालीला आलेली, नवरा गेल्यावरही पाली न सोडलेली बाई. साठी उलटून गेली तरी गिरणीने त्यांना दरवर्षी मुदतवाढ देऊन ठेवून घेतलं होतं. यात शिक्षणाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. गिरणीला कधी दिल्लीहून साहेब यायचा, कधी परदेशी यंत्रवाला यायचा, तेव्हा इंग्रजीत स्वागत करायला माणूस लागायचं. आणि चेअरमनांचं इंग्रजी ‘वेलकम’पाशी सुरू होऊन तिथेच संपायचं.

चेअरमनांना सगळे आप्पा म्हणत. गिरणी सभासदांची, शेतकऱ्यांची, सहकाराची, असं फाटकावर लिहिलं होतं. फाटकाच्या आत मात्र गिरणी आप्पांची होती. त्या दुष्काळात कापूस येईना, सूत कातणाऱ्या चात्या निम्म्या बंद पडल्या, कामगारांचे पगार मागेपुढे होऊ लागले. आप्पांचे फोटो मात्र वाढले. गावोगाव पाणी पुरवणाऱ्या टँकरवर फोटो, टँकरच्या टाकीवर फोटो, ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावरही फोटो. पाण्यापेक्षा फोटो जास्त दिवस टिकत.

अर्जुनराव म्हणजे बीडचे करसल्लागार. बाईंच्या नवऱ्याचे, थिगळेसाहेबांचे जुने मित्र, आणि जुन्या मैत्रीमुळे उर्मट बोलायचा परवाना घेतलेले. बाईंचं रिटर्न दरवर्षी तेच भरत. त्यांनी फॉर्म सोळा, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला उघडला, वरचा भाग वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“वहिनी, तुमच्या पगारातून कर कापलाय ना?”

“दर महिन्याला. पगारपत्रकात आहे.”

“कापलाय हे गिरणीनेही मान्य केलंय. चारही तिमाह्यांच्या विवरणपत्रात तुमचं नाव, तुमचा पॅन, कपात, सगळं आहे. पण नुसतं कापून चालत नाही. पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत तो चलनाने सरकारात भरावा लागतो, मार्चचा तेवढा एप्रिलअखेरपर्यंत. इथे खाली चलनांची यादी बघा. पहिल्या दोन तिमाह्यांपुढे ‘एफ’ आहे. म्हणजे पैसे पोचले, जुळले. पुढच्या दोन्हींपुढे ‘ओ’.”

“ओ म्हणजे?”

“म्हणजे चलन खरं आहे, पण ते आधीच वापरून झालंय. दुसऱ्या तिमाहीत भरलेलं चलन यांनी तिसऱ्या तिमाहीत दाखवलं, आणि चौथ्यातही तेच. एकच नवरदेव तीन मांडवांत उभा केलाय. मुंडावळ्या काढायचीसुद्धा तसदी घेतली नाही.” अर्जुनरावांनी संगणकावर बाईंचं कराचं खातं, म्हणजे सव्वीस-एएस काढून दाखवलं. तिथेही तेच. “याचा अर्थ, अर्ध्या वर्षाचा कर तुमच्याकडून गेला आणि सरकारला मिळाला नाही. तुम्ही रिटर्नमध्ये तो दाखवला, की संगणक म्हणणार, आमच्याकडे जमा नाही, भरा पुन्हा.”

“मी पुन्हा का भरू?”

“भरू नका. कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करायचा नाही, असं कायदाच सांगतो. पण तशी नोटीस आली की उत्तरं देत बसावं लागतं आणि परताव्यातून ते कापून घेतात. सरळ वाट एकच. गिरणीकडून दुरुस्त दाखला मागा. त्यांनी आधी पैसे भरायचे, उशिराचं व्याज भरायचं, मग दोन्ही तिमाह्यांचं दुरुस्ती विवरणपत्र द्यायचं. ते मंजूर झालं की खात्याच्या संकेतस्थळावरून नवा दाखला निघतो. हाताने करायची ही वस्तूच नाही, वहिनी. लक्षात ठेवा.”

बाईंनी लक्षात ठेवलं. आयुष्यात एक कर तेवढा वेळेवर भरला, आणि आता सरकारदरबारी थकबाकीदार म्हणून आपलं नाव लागणार, ही गोष्ट त्यांना शेळीच्या वासासारखी घरापर्यंत चिकटून आली.

सोमवारी त्या अर्ज घेऊन गिरणीच्या अकाउंट खात्यात गेल्या. खातेप्रमुख भगवानराव हे भला माणूस या जातीतले होते. म्हणजे कुणाचं वाईट करायची हिंमत नाही आणि चांगलं करायचीही नाही. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“मॅडम, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

“लेखी आणलंय. आवक क्रमांक टाका आणि पोच द्या.”

भगवानरावांचा चेहरा एखाद्याने भर बैठकीत जात विचारावी तसा झाला. हरिहर सूतगिरणीत पोच द्यायची रीत नव्हती. पोच दिली म्हणजे कागद आला. कागद आला म्हणजे उत्तर आलं. आणि उत्तर द्यायचं म्हणजे कुणीतरी काहीतरी केलं होतं, हे कबूल करावं लागे. म्हणून गिरणीत वर्षानुवर्षं हजारो अर्ज येत आणि एकही पोचत नसे.

“आवकचा शिक्का आप्पांच्या केबिनात हाय,” पलीकडून बंकट म्हणाला. हा आप्पांचा पुतण्या. संगणकावर विवरणपत्रं भरायचं काम त्याच्याकडे होतं, कारण घरात संगणक सर्वात आधी त्याच्याकडे आला होता.

“बंकटराव, तिसऱ्या तिमाहीत दुसऱ्या तिमाहीचं चलन तुम्ही टाकलं?”

“त्या सॉफ्टवेअरला चलन लागतंच, मॅडम. त्याबिगर ते पुढं जातच न्हाई. पैसे भरलेलेच न्हाईत तर नवं चलन आणू कुठनं? जुनं होतं, ते टाकलं. घेतलं की त्यानं!” बंकट अभिमानाने म्हणाला. यंत्राला फसवलं, याहून मोठी परीक्षा तो आयुष्यात पास झाला नव्हता.

“यंत्राने घेतलं, सरकारने नाही घेतलं.”

“लई मनावर घेऊ नका. आमचापण कापलाय, भगवानकाकांचापण. आमी काय बोललो का?”

हेच बाईंना समजत नव्हतं. साऱ्या गिरणीचं झालं होतं, म्हणून ते कुणाचंच झालं नव्हतं. शाळेतही तेच. रतनबाई नावाच्या सहशिक्षिका होत्या, त्यांचाही कर कापलेला. त्या म्हणाल्या, “बाई, कावून विस्तवात हात घालता? तुमचं तर एकटीचं पोट. आमच्या घरात गिरणीत तिघं हायेत.” बाई म्हणाल्या, “मी तुमचा हात धरून विस्तवात घालत नाहीये, रतनबाई. माझाच घालतेय.” त्यानंतर मधल्या सुट्टीत रतनबाई दुसऱ्या खोलीत डबा खाऊ लागल्या. अन्याय संसर्गजन्य नसतो, पण तक्रार असते, असं त्या भागातल्या शहाण्या लोकांचं मत होतं.

बाईंनी अर्ज रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवला. पाली ते गिरणी हे अंतर चालत जाण्यासारखं. पोस्टाने तो अर्ज बीडला जाऊन परत आला. पण पोचपावती आली आणि तिच्यावर गिरणीच्या शिपायाची सही होती. भगवानरावांनी डोक्याला हात लावला म्हणतात.

मग चमत्कार झाला. जूनअखेर शिपाई शाळेत आला आणि पाकीट ठेवून गेला. आत दुरुस्त दाखला. पांढऱ्याशुभ्र जाड कागदावर मराठी टायपात: ‘प्रमाणित करण्यात येते की, श्रीमती शिवकन्या थिगळे यांचे वेतनातून संपूर्ण वर्षात कपात केलेला आयकर शासनजमा करण्यात आला असून सदर दाखला त्यांचे मागणीवरून देण्यात येत आहे.’ खाली आप्पांची लफ्फेदार सही, सहीवर गोल शिक्का, शिक्क्यावर आणखी एक शिक्का ‘खरी प्रत’ असा, आणि कोपऱ्यात तिसरा, जो कशाचा ते वाचता येत नव्हतं. जांभळ्या शाईचा जिथे तिथे सडा.

अर्जुनरावांनी तो कागद उजेडाकडे धरला आणि इतके हसले, की आतून त्यांची सून पाणी घेऊन आली.

“वहिनी, हा दाखला गावातल्या रेशन दुकानावर चालेल. तलाठ्याकडेसुद्धा चालेल बहुतेक. खऱ्या दाखल्यावर खात्याचा प्रमाणपत्र क्रमांक असतो, चलनं असतात, बँकेचा कोड असतो, भरल्याची तारीख असते. यावर काय आहे? गोल शिक्का!”

“म्हणजे हा खोटा आहे.”

“कागद खरा आहे हो. मजकूर खोटा आहे.”

बाईंना संताप आला तो लबाडीचा नाही. लबाडी त्यांनी पाहिली होती. संताप आला तो आळसाचा. हे लोक आयुष्यभर शिक्क्यावर जगले. जन्माचा दाखला शिक्क्याने, पिकाची आणेवारी शिक्क्याने, मेलेल्या सभासदाचं मतदानसुद्धा शिक्क्याने. त्यामुळे दिल्लीतल्या खजिन्यात न पोचलेला पैसा पालीतल्या शिक्क्याने पोचेल, यात त्यांना काही वावगं वाटलंच नाही. आणि समोरच्या बाईला फसवायचं तर निदान थोडी मेहनत घ्यावी, एवढाही मान त्यांनी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी बाईंना केबिनात बोलावलं. केबिनात कूलर होता आणि त्याची टाकी भरलेली होती.

“या मॅडम. चहा घ्या. दाखला मिळाला ना?”

“परत आणलाय, आप्पा. हा चालत नाही.”

“माझी सही चालत न्हाई?” आप्पांना खरोखर नवल वाटलं. “कलेक्टरकडं चालती.”

“कलेक्टरांनी पैसे मागितले नाहीत. आयकर खात्याने मागितलेत. ते भरायचे राहिलेत.”

आप्पा खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी आवाज खाली आणला, सभेत शेवटच्या पाच मिनिटांत आणत तसा. “मॅडम, खरं सांगतो. तुमच्यापासून काय लपवायचं. तो पैसा टँकरच्या डिझेलला गेला. लोक पाण्यावाचून तडफडत होते. सरकार काय करत होतं? तुमचा कर सरकारला दिला असता तर त्यांनी कुठं काय बांधलं असतं? आमी माणसांना पाणी पाजलं. तुमच्या दारातपण तोच टँकर येतो. पाणी पिता ना?”

हा प्रश्न बाईंना लागला. पाणी त्या पीत होत्या. हंडा धरून रांगेत उभ्या राहिल्या होत्या आणि टँकरवरच्या फोटोकडे पाहून मनात दोन बरे शब्दही बोलल्या होत्या. मग म्हणाल्या, “पिते. आता ते पाणी माझ्याच पगारातून आलं, हे कळलं. मग आप्पा, टँकरवर फोटो तुमचा का?”

आप्पांच्या मागे उभा असलेला बंकट भिंतीकडे तोंड करून खोकला.

आप्पा हसले. राजकारणात टिकलेला माणूस होता; अपमान गिळायला त्याला चहासुद्धा लागत नसे. “तुमी शिकलेल्या. बोलण्यात आमी हरलो. असं करू, पंधरा ऑगस्टला तुमचा सत्कार ठेवू. आदर्श मुख्याध्यापिका. शाल, श्रीफळ, मानपत्र. मुदतवाढीचा कागदपण माझ्यापुढंच हाय. सप्टेंबरात सही करायची. हा दाखला तेवढा ठेवून घ्या. इषय संपला.”

“सत्कार नको आप्पा. शाल उकाड्यात टोचते.”

“आन् मुदतवाढ?”

बाईंनी शिक्क्यांचा दाखला टेबलावर ठेवला आणि त्यावर पेपरवेट ठेवलं, कूलरच्या वाऱ्याने उडू नये म्हणून.

फाटकापर्यंत जाताना मात्र त्यांच्या मनात मुदतवाढीचाच कागद होता. शाळा हेच त्यांचं घराबाहेरचं सगळं जग होतं. सकाळची घंटा नसली तर दिवस कुठून धरायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एका अक्षरासाठी ते जग सोडायचं? ‘ओ’च्या जागी ‘एफ’ यावं म्हणून? रतनबाईंना हे सांगितलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारला असता, आणि फारसं चुकलंही नसतं.

पण बाई बीडच्या जीपमध्ये बसल्या. अर्जुनरावांनी औरंगाबादच्या टीडीएस अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहिला. सोबत वर्षाची पगारपत्रकं, मूळ दाखल्याची प्रत, सव्वीस-एएसचा उतारा आणि रजिस्टरची पोचपावती. बाईंनी सही केली. “रिटर्न मुदतीत भरू,” अर्जुनराव म्हणाले, “आणि कापलेला सगळा कर दाखवू. लपवायचं त्यांनी आहे, आपण नाही.”

ऑगस्टात औरंगाबादहून गिरणीला पत्र आलं. पुढे काय झालं ते भगवानरावांनीच येऊन सांगितलं. शाळेच्या ऑफिसात, दार लावून, पंख्याखाली.

“मॅडम, बीडहून सीए बोलावला होता. आप्पा त्याला म्हणाले, भगवानराव अकाउंटंट आहेत, जे काय होईल ते त्यांना होईल. मी समोरच होतो हो. वीस वर्षं नोकरी केली मी! तर सीए म्हणाला, आप्पा, कापलेला कर न भरणं हा गुन्हा आहे, सक्तमजुरी आहे, तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि यात कारभार चालवणाऱ्याला धरतात. कारभार कोण चालवतं, हे विचारायला साहेबाला लांब जावं लागणार नाही, टँकरवर फोटो आहे.”

“मग?”

“मग काय. आप्पांनी पाणी मागितलं. संध्याकाळच्या आत पैसे उभे राहिले. कुठून ते विचारू नका. व्याजासकट सगळ्या कामगारांचा कर भरला. नवी चलनं आली. सीएने बंकटला उठवून स्वतः बसून दोन्ही तिमाह्यांची दुरुस्ती पाठवली.” भगवानराव उठले, दारापाशी थबकले. “माझापण जमा झाला मॅडम. तुमच्यामुळं.”

“हे बाहेर म्हणाल का, भगवानराव?”

“छे छे,” भगवानराव घाबरून म्हणाले आणि दार हलकेच लावून गेले.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुदतवाढीचा कागद आला. वाढ नव्हती. ‘वयोमानाचा विचार करून विश्रांती देण्यात येत आहे.’ आप्पांना बाईंचं वय अचानक दिसलं होतं. शाळेच्या किल्ल्या बाईंनी रतनबाईंच्या हातात दिल्या. रतनबाई रडल्या. त्या खरंच रडल्या, हे नाकारायचं कारण नाही. डोळे पुसून त्यांनी विचारलं, “फळ्यावरचं तुमचं नाव आजच पुसू का उद्या?”

महिनाअखेर गिरणीची वार्षिक सभा झाली. बाई गेल्या नाहीत. पण सभेचा भोंगा पालीपर्यंत ऐकू येत असे. अहवाल वाचला, तोटा वाचला, तोट्यावर टाळ्या पडल्या. मग अभिनंदनाचा ठराव आला. दुष्काळाच्या कठीण काळातही कामगारांच्या आयकराची रक्कम व्याजासह शासनजमा करून प्रत्येकाला नवे दाखले मिळवून दिल्याबद्दल मा. आप्पासाहेबांचं अभिनंदन. सूचक बंकट, अनुमोदक भगवानराव. ठराव एकमताने मंजूर. शाल घालताना तबक रतनबाईंनी धरलं होतं, असं दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने सांगितलं. नारळ मोठा होता, असंही सांगितलं.

त्याच दुपारी शिपाई बाईंच्या दारात आला. या वेळी पाकिटावर गिरणीचं नाव होतं आणि आत साधा, पातळ कागद. शाई काळी, शिक्का एकही नाही. वर खात्याचा प्रमाणपत्र क्रमांक. खाली चलनांची यादी, आणि यादीत शेवटच्या दोन तिमाह्यांपुढे नवी चलनं, नव्या तारखा, आणि दोन्हींपुढे ‘एफ’.

“सही करा, मॅडम,” शिपाई म्हणाला. “पोचवही हाय. आप्पांनी आता नवीन सुरू केली. म्हणाले, कागद दिला की पोच घेत जा, लोक लई बेइमान झालेत.”

बाईंनी पोचवहीत सही केली, तारीख घातली, आणि शिपायाला चहा दिला. मग उंबऱ्यात उभ्या राहून तो फाटकाच्या दिशेने सायकल मारत दिसेनासा होईपर्यंत हसल्या. ते हसू आनंदाचं नव्हतं. नन्सच्या शाळेत तसं हसलं असतं तर कोपऱ्यात उभं केलं असतं.

दाखला त्यांनी अर्जुनरावांसाठी पाकिटात घातला. संध्याकाळी दिवा लावून वही उघडली आणि लिहिलं: डाव्या बाजूची शेगडी पेटत नाही. भात उजवीवर केला.